मित्राच्या हॅक झालेल्या खात्यावरून येणारे मेसेज

भामट्याने मित्राचे व्हॉट्सॲप खाते ताब्यात घेऊन, त्याच्याच नावाने पैसे किंवा ओटीपी मागण्याचा हा प्रकार. नंबर सेव्ह केलेला असतो, डीपी तोच असतो आणि मेसेज जुन्या गप्पांच्या खालीच येऊन पडतो. म्हणून अनोळखी नंबरला दाद न देणारा माणूसही इथे फसतो.

खाते बहुधा सहा अंकी कोडमुळे जाते. भामटा आपल्या फोनवर मित्राचा नंबर नोंदवू लागतो, कोड मित्राला एसएमएसने येतो, आणि ‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आला, पाठव’ असे म्हणून तो काढून घेतला जातो. मागणारे खातेही बरेचदा ओळखीच्याचेच, आधी गेलेले असते.

समजा, यवतमाळकडच्या एका खेड्यात कापूस वेचणीचे दिवस आहेत. मित्र एरवी लिहितो, ‘काऊन बे, कुठी हायेस?’ एका दुपारी त्याच्याच नावाखाली येते, ‘नमस्कार भाऊ, कसे आहात? माझे यूपीआय बंद आहे, या नंबरवर ८,००० रुपये पाठवा, संध्याकाळी देतो.’ वेचणीच्या मजुरीसाठी उसने मागणे गावात नवे नाही, त्यामुळे रक्कम खटकत नाही. खटकायला हवी ती भाषा: वऱ्हाडी गेली, ‘बे’चा ‘भाऊ’ झाला.

नंबर टाकल्यावर यूपीआय ॲपमध्ये खातेदाराचे नाव दिसते, ते परक्याचे निघते. मात्र गावात दुकानदाराच्या किंवा पाहुण्याच्या खात्यावर पैसे मागवणारे खरे मित्रही असतात, तेव्हा एवढ्यावरून निवाडा करू नये. चॅटमध्ये ‘सिक्युरिटी कोड बदलला’ अशी सूचना दिसली तर संशय वाढतो, पण मित्राने नवा फोन घेतला तरी ती येते.

खरी कसोटी आवाजाची. व्हॉट्सॲपवर नव्हे, साधा फोन लावावा. शेतात रेंज नसते, म्हणून फोन न लागणे हा पुरावा नाही; फोन लागेपर्यंत किंवा घरी निरोप जाईपर्यंत पैसे थांबवावेत. लिहूनच विचारायचे असेल तर कधी चॅटवर न आलेली गोष्ट विचारावी, जसे पोळ्याच्या दिवशी आपण कोणाकडे जेवलो. कोड चोरून खाते घेणाऱ्याला मित्राच्या फोनमधल्या जुन्या गप्पा दिसत नाहीत. पण ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून, म्हणजे मित्राचे खाते आपल्या फोनला किंवा संगणकाला जोडून शिरलेल्याला त्या वाचता येतात आणि तो मित्राची बोलीही उचलू शकतो. अशा वेळी भाषेची खूण पार निकामी ठरते.

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. मित्राने आपला नंबर एसएमएसच्या कोडने पुन्हा नोंदवला की भामटा बाहेर फेकला जातो. भामट्याने कोडनंतर मागितला जाणारा टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर मित्राला आत शिरायला सात दिवस लागतात, पण तेवढ्या काळात भामट्यालाही ते खाते वापरता येत नाही.