फ्लॅट स्केच : वस्त्राचे तांत्रिक सपाट रेखाटन

फ्लॅट स्केच म्हणजे तयार वस्त्र टेबलावर हाताने सपाट करून ठेवले आहे असे समजून काढलेले समोरचे आणि मागचे रेखाचित्र. त्यात माणूस नसतो, सावली नसते आणि कापडाचा झोलही नसतो. बाह्याकृती, जोड, टिपा, काज-बटणे आणि त्यांना लावलेल्या टिपण्या, ज्यांना कारखान्यात कॉलआउट म्हणतात, एवढेच त्यात असते. हे चित्र टेक पॅकच्या, म्हणजे कारखान्याला दिल्या जाणाऱ्या तांत्रिक सूचनांच्या संचाच्या, पहिल्या पानांवर येते. पॅटर्न मास्टर त्यावरून कागदी पॅटर्न पाडतो आणि पॅटर्नवरून पहिला नमुना शिवला जातो. फॅशनच्या चित्रात आकृती नऊ-दहा डोक्यांएवढी उंच ताणलेली असते, खऱ्या माणसाची उंची साडेसात डोक्यांच्या आसपास भरते. म्हणून फॅशनचे चित्र सुंदर असले तरी मास्टरच्या फारसे कामाचे नसते.

या रेखाटनाचा मूळ नियम एकच आहे, तो म्हणजे कागदावरच्या प्रत्येक रेघेला एकच अर्थ असावा. सर्वसाधारण पद्धतीत बाह्याकृती जाड रेघेने, दोन तुकड्यांचा जोड मध्यम अखंड रेघेने आणि वरून दिसणारी टीप बारीक तुटक रेघेने काढतात. संगणकावर हे साधारण 1.5, 0.75 आणि 0.5 पॉइंट असे ठेवले जाते. आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे पानाच्या कोपऱ्यात रेघांची खूण-सूची देणे बरे. कापड उठावदार दिसावे म्हणून मारलेली एखादी हौशी रेघ मास्टरला जोडच वाटते, आणि तिथे कापड कापले जाते.

पुरुषांच्या पूर्ण बाह्यांच्या साध्या शर्टवर हे नीट पाहता येते. सगळ्यांच्या अंगावर असूनही त्याचे स्केच बरोबर काढणारे कमी सापडतात. पहिली अडचण खांद्यावर येते. शर्टाच्या मागच्या वरच्या भागात योक असतो, म्हणजे दुहेरी कापडाचा आडवा तुकडा. तो खांद्यावरून पुढे उतरतो आणि समोरच्या भागाला खांद्याच्या कडेखाली सुमारे 3 ते 4 सेंमीवर जोडला जातो. त्यामुळे शर्ट सपाट ठेवला की खांद्याची वरची कड ही नुसती घडी असते, तिथे शिलाई नसते. समोरच्या चित्रात खांद्याची बाह्याकृती वेगळी आणि तिच्याखाली योकचा जोड वेगळा, अशा दोन रेघा दिसायला हव्यात. खालची रेघ राहून गेली तर मास्टर समोरचा भाग थेट खांद्यापर्यंत नेतो आणि योक मागेच थांबतो. शर्ट शिवून होतो, पण वेगळाच होतो. मापेही याच घडीशी बांधलेली असतात. उंची, खिशाची जागा ही मापे गळ्यालगतच्या खांद्याच्या उंच बिंदूपासून घेतात, त्याला एचपीएस म्हणतात. योकच्या शर्टात हा बिंदू घडीवर धरायचा की जोडावर, हे टिपणीत लिहिले नाही तर उंचीत तीन-चार सेंमीचा फरक पडू शकतो.

समोरच्या बटणपट्टीची गंमत अशी की दोन-तीन रेघांच्या फरकाने पॅटर्नचे तुकडेच बदलतात. पट्टीच्या आतल्या कडेला अखंड रेघ आणि दोन्ही कडांपासून 6 मिमीवर तुटक रेघ असेल, तर पट्टी वेगळी कापून लावलेली आहे असे मास्टर वाचतो. त्याच्या पॅटर्नमध्ये 3.5 सेंमी रुंदीच्या पट्टीचा स्वतंत्र तुकडा येतो आणि समोरचा भाग तेवढा अरुंद होतो. अखंड रेघ नसून कडेपासून 3.5 सेंमीवर फक्त तुटक रेघ असेल, तर कापड आत दुमडून टीप मारली आहे असा अर्थ होतो. मग वेगळा तुकडा लागत नाही, समोरचा भागच दुमडीएवढा रुंद कापावा लागतो. तुटक रेघही नसेल तर दुमड काजांनीच धरली आहे असे समजतात. तिन्ही शर्ट दोन हातांवरून जवळपास सारखेच दिसतात.

बाजूच्या शिलाईचेही तसेच आहे. शर्टाच्या बाजूला दोन समांतर तुटक रेघा असतील तर ती कडा गुंडाळून केलेली दुहेरी टिपेची शिलाई असते. तिच्यात एका भागाची कड दुसऱ्या भागाच्या कडेला वेढून घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखी माया, म्हणजे शिलाईसाठीचे जादा कापड, सोडून चालत नाही. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त माया लागते. नेमका आकडा यंत्राला लावलेल्या, कड दुमडणाऱ्या फोल्डरवर ठरतो. तुटक रेघा नसतील तर मास्टर ओव्हरलॉकची साधी शिलाई धरून दोन्हीकडे 1 सेंमी माया सोडतो. पुढे शिलाई विभागात ही चूक कळते तेव्हा शर्ट कापून झालेले असतात. स्केचमध्ये माया दाखवत नाहीत, सगळी मापे तयार वस्त्राचीच देतात. पण माया ठरवण्यापुरती माहिती मात्र स्केचने द्यायची असते. टिपणीत शिलाईचा प्रकार आयएसओ 4915 या मानकातल्या क्रमांकाने लिहिला तर वाद राहत नाही. 301 म्हणजे साधी लॉकस्टिच, 401 म्हणजे दुहेरी धाग्याची चेनस्टिच, 504 म्हणजे तीन धाग्यांची ओव्हरलॉक.

मागच्या चित्रात योकखाली मधोमध बॉक्स प्लीट असते. तिथे ‘प्लीट 3 सेंमी’ एवढेच लिहिणे म्हणजे मास्टरला कोडे घालणे होय. दिसणारी रुंदी 3 सेंमी की आत गेलेले कापड 3 सेंमी? दिसणारी रुंदी 3 असेल आणि आतल्या घड्या मध्यावर भेटत असतील, तर प्रत्येक बाजूला 1.5 सेंमी कापड आत जाऊन परत येते. म्हणजे पाठीला एकूण 6 सेंमी जादा कापड लागते. पाठीचा पॅटर्न अर्धाच पाडतात, तेव्हा मध्यरेषेबाहेर 3 सेंमी वाढवायचे. टिपणी अशी असावी : ‘बॉक्स प्लीट, तयार रुंदी 3 सेंमी, आतली घडी दोन्ही बाजूंना 1.5 सेंमी, घड्या मध्यावर भिडतात, खाली मोकळी’. शेजारी प्लीटचा आडवा छेद काढला तर शब्दही कमी लागतात. माझ्या मते चुण्या, पट्ट्या आणि कॉलर यांना असा छेद नसलेले स्केच अर्धवटच समजावे.

प्रमाणाचा प्रश्न यानंतर येतो. समजा, 40 मापाच्या शर्टाची मुंढ्याखाली सपाट मोजलेली छाती 56 सेंमी, खांदा 46 सेंमी आणि एचपीएसपासून उंची 78 सेंमी आहे. 1:10 प्रमाण घेतले तर सेंटिमीटरचे मिलिमीटर होतात. छाती 56 मिमी, खांदा 46 मिमी, उंची 78 मिमी, म्हणजे आडव्या ए-4 कागदावर समोर आणि मागे शेजारी शेजारी मावतात. छाती भागिले उंची हे गुणोत्तर इथे 0.72 येते. चित्र पूर्ण झाल्यावर मोजपट्टी लावून हेच गुणोत्तर तपासायचे.

कारण आकडे दिलेले असतील तिथे मास्टर आकड्यांनी जातो आणि नसतील तिथे चित्राने. शर्ट सडपातळ दिसावा म्हणून कोणी छाती 48 आणि उंची 90 मिमी काढली, तर गुणोत्तर 0.53 वर येते. छाती आणि उंचीचे आकडे तक्त्यात असल्याने ती दोन्ही मापे बिघडत नाहीत. पण खिशाची जागा लिहिलेली नाही आणि चित्रात खिशाची वरची कड एचपीएसपासून 22.5 मिमीवर आहे. ती सरळ दहापट केली तर 22.5 सेंमी. उंचीच्या प्रमाणात काढली तर 90 चा चतुर्थांश म्हणून 78 च्या चतुर्थांशावर, म्हणजे 19.5 सेंमी. दोन्ही वाचनांत 3 सेंमीचा फरक आहे आणि खिसा तीन सेंमी खाली गेला की शर्टाचा चेहराच उतरतो. प्रमाणात काढलेल्या चित्रात दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते. तरीही खिसा, डार्ट, बगलेतली कळी यांची जागा दोन मापांनी बांधावीच : एक एचपीएसपासून खाली, दुसरे मध्यरेषेपासून आडवे.

बाह्या शरीरापासून बाजूला काढून दाखवतात, नाहीतर मुंढा आणि बाजूची शिलाई झाकली जाते. बाहीचा काप मात्र मागच्या अंगाला असतो, म्हणून तो मागच्या चित्रातच येतो. समोरच्या चित्रात कफाचे तोंड दाखवायचे असेल तर बाही दुमडून दाखवतात किंवा वर्तुळात 1:2 प्रमाणात वेगळा तपशील देतात.

टिपणीची रेघ ज्या गोष्टीबद्दल बोलते तिला टेकलेली असावी. हवेत थांबलेली रेघ कॉलरबद्दल आहे की कॉलरखालच्या स्टँडबद्दल, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. टिपणीच्या रेघा एकमेकींना आणि शिलाईच्या तुटक रेघांना छेदू नयेत. वाक्य आज्ञेसारखे आखूड असावे : ‘कॉलर कडेपासून 6 मिमी, एक टीप, 301’. ‘छान फिनिश द्या’ यासारखी टिपणी कोणीच अमलात आणू शकत नाही. एककही एकच ठेवावे. अमेरिकी बायर इंचात आणि युरोपीय बायर सेंटिमीटरमध्ये माप देतो. पाव इंच 6.35 मिमी असतो, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही मिसळली की मोजमाप तपासताना विनाकारण वाद होतो.

आता बहुतेक काम इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉमध्ये होते. अर्धा शर्ट काढून त्याची प्रत आरशासारखी उलटायची (इलस्ट्रेटरमध्ये `Object > Transform > Reflect`), मग दोन्ही अर्धे जोडायचे, हा रोजचा मार्ग आहे. यात सममिती आपोआप येते, पण याच पायरीवर दोन चुका घुसतात. पट्टी आणि खिसा सममित नसतात, ते उलटवल्यानंतरच काढायचे. पुरुषांच्या शर्टात काज घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतात आणि डावी बाजू चित्रात पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते. खिसाही तिकडेच. गडबड उघड करायची सोपी रीत म्हणजे चित्र छापून स्वतःच्या छातीवर धरणे. दुसरी चूक मध्यरेषेवर राहते. दोन अर्ध्यांमध्ये उरलेली बारीक रेघ मास्टर पाठीच्या मध्यावरचा जोड म्हणून वाचतो आणि घडीवर एकसंध कापायची पाठ दोन तुकड्यांत कापली जाते.

स्केच पुरेसे आहे की नाही, हे तपासायला शर्ट मोजावा लागत नाही. चित्र मास्टरकडे देऊन त्याला तुकडे मोजायला सांगावे. आपल्या शर्टात समोरचे दोन, पाठ, योकचे दोन थर, बाह्या दोन, लावलेली पट्टी, खिसा, कॉलर दोन, स्टँड दोन, कफ चार आणि बाहीच्या कापाच्या पट्ट्या. त्याची यादी आपल्या यादीशी जुळली नाही तर जिथे फरक आहे तिथली रेघ चुकली आहे. हे काम पंधरा मिनिटांचे असते. यात कॉलर-कफांना कडकपणा देणारे इंटरलाइनिंग कुठे कुठे आहे हेही मास्टर विचारतो, कारण ते बाहेरून दिसत नाही आणि स्केचमध्ये फक्त टिपणीनेच येऊ शकते.

कापड किती पडते, किती ताणते, धुतल्यावर किती आकसते, अंगावर किती सैल बसते, हे सपाट रेखाटनात दिसत नाही. ते मापांच्या तक्त्यातून आणि फिट सॅम्पलमधून येते. तिरक्या कापडाचे काउल गळे सपाट ठेवलेच जात नाहीत, त्यांचे स्केच पाहून पॅटर्न पाडणे म्हणजे अंदाजच. शिवलेली नऊवारी हे आपल्याकडचे उत्तम उदाहरण आहे. समोरच्या निऱ्या आणि मागचा कासोटा सपाट चित्रात केवळ उभ्या रेघांचा गठ्ठा दिसतो. अशा वेळी बाह्याकृती आणि कमरेची पट्टी स्केचमध्ये ठेवतात. निऱ्यांची संख्या, प्रत्येक निरीची खोली आणि दिशा वेगळ्या तक्त्यात देतात, आणि कासोट्याची घडी पायरीपायरीने छायाचित्रांत दाखवतात.