ऐंशी बागा पुरतील का? रिग्रेशनसाठी नमुना ठरवताना

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या तालुक्यांतील संत्रा बागांवर एक अभ्यास करायचा आहे, असे समजू. झाडाच्या आळ्यात काडीकचऱ्याचे आच्छादन घातल्याने दर झाडामागचे उत्पादन वाढते का, हा त्यातला प्रश्न आहे. उत्पादन काही केवळ आच्छादनावर ठरत नाही. झाडाचे वय, कलमाचा खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा, मातीची खोली, पाणी ठिबकने दिले जाते की पाटाने, नत्राची मात्रा, शेणखत आणि आंबिया किंवा मृग यांपैकी धरलेला बहार, या साऱ्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून हे सात घटक आणि आठवे आच्छादन असे सगळे एकाच रिग्रेशनमध्ये, म्हणजे समाश्रयणाच्या समीकरणात, घ्यायचे ठरते. प्रत्येक बागेतून दर झाडामागचे सरासरी उत्पादन हा एकच आकडा घ्यायचा आहे. मग किती बागा पाहाव्यात?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक विभागांत तयारच असते: प्रत्येक घटकामागे दहा निरीक्षणे घ्यावीत, म्हणजे आठ घटकांसाठी ऐंशी बागा. हा ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि प्रबंधाच्या आराखड्यात तो शोभूनही दिसतो. मात्र त्याचे मूळ आपल्या प्रकारच्या प्रश्नात नाही. त्याचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा आधार म्हणजे पेडुझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वैद्यकीय संशोधनातील लॉजिस्टिक रिग्रेशनविषयी केलेला अभ्यास होय, आणि तेथे मोजायचे असतात ते रुग्ण नव्हेत, तर मृत्यूसारख्या घटना. किलोमध्ये मोजल्या जाणाऱ्या फलितासाठी, म्हणजे साध्या रेषीय रिग्रेशनसाठी, ऑस्टिन आणि स्टायरबर्ग यांनी 2015 मध्ये असे दाखवले की, गुणकांचे, म्हणजे एकेका घटकाचा परिणाम सांगणाऱ्या आकड्यांचे, अंदाज एका बाजूला झुकू नयेत एवढीच अपेक्षा असेल, तर घटकामागे दोन निरीक्षणेही पुरू शकतात. पण अंदाज झुकलेला नसणे वेगळे आणि तो उपयोगी पडण्याइतका नेमका असणे वेगळे.

दहाच्या ठोकताळ्याने नेमके काय साधते, हे एका हिशेबाने दिसते. आठही घटकांचा उत्पादनाशी काडीचाही संबंध नाही, असे क्षणभर धरू. तरीसुद्धा ऐंशी बागांच्या आकड्यांवर समीकरण बसवले, की R², म्हणजे उत्पादनातील चढउताराचा समीकरणाने स्पष्ट केलेला वाटा, सरासरीने सुमारे 8/79, म्हणजे 10 टक्के येईल. निव्वळ योगायोगातून आलेले हे 'स्पष्टीकरण' घटकामागे पाचच निरीक्षणे घेतली तर 20 टक्क्यांवर जाते. म्हणजे ठोकताळा समीकरणाच्या एकंदर फुगवट्याला लगाम घालतो. आच्छादनाचा परिणाम त्या ऐंशी बागांत सापडेल की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही, कारण परिणाम केवढा आहे हे त्याने विचारलेलेच नसते.

सॅम्युअल ग्रीन यांनी 1991 मध्ये असे ठोकताळे तपासले, तेव्हा त्यांच्या निबंधात दोन सूत्रे चर्चेला आली: संपूर्ण समीकरणाच्या चाचणीसाठी 50 + 8m आणि एकेका घटकाच्या चाचणीसाठी 104 + m, यात m म्हणजे घटकांची संख्या. आपल्या आठ घटकांसाठी ती अनुक्रमे 114 आणि 112 बागा सांगतात. ही सूत्रे दहाच्या नियमापेक्षा बरी आहेत. पण त्यांच्या पोटात 'मध्यम' आकाराचा परिणाम गृहीत धरलेला असतो. परिणाम लहान असेल तर तीही अपुरी पडतात, आणि शेतातले बहुतेक परिणाम लहानच असतात.

आता आपल्या प्रश्नातला परिणाम केवढा ते ठरवू. इतर सात घटकांचा हिशेब करून झाल्यावरही बागाबागांतील उत्पादनात जी उरलेली चढउतार राहते, तिचे प्रमाण विचलन दर झाडामागे 18 किलो आहे असे धरू. आच्छादनाचा खर्च भरून निघण्यासाठी झाडामागे निदान 5 किलोंची वाढ हवी, असेही मानू. (हे दोन्ही आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, खऱ्या अभ्यासात पहिला आकडा पूर्वीच्या नोंदींतून आणि दुसरा शेतकऱ्याच्या जमाखर्चातून यावा.) घटकाने स्पष्ट केलेली चढउतार उरलेल्या चढउताराच्या मानाने किती, हे f² सांगतो; जेकब कोहेन यांच्या मोजपट्टीवर f² = 0.02 म्हणजे 'लहान' परिणाम, आणि अर्ध्या बागांत आच्छादन असेल तर आपला परिणाम जवळपास तेवढाच, 0.019, भरतो. संख्याशास्त्रात लहान ठरलेली ही गोष्ट बागेत मात्र लहान नाही. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे 277 झाडे बसतात, म्हणजे झाडामागे 5 किलो ही हेक्टरी जवळजवळ 1.4 टनांची वाढ झाली.

गुणकाच्या अंदाजात किती अनिश्चितता राहील, हे त्याची प्रमाण त्रुटी सांगते. आच्छादन इतर घटकांशी निगडित नसेल, तर ही त्रुटी म्हणजे उरलेल्या चढउताराचे प्रमाण विचलन भागिले आच्छादनाचे प्रमाण विचलन आणि बागांच्या संख्येचे वर्गमूळ यांचा गुणाकार. अर्ध्या बागांत आच्छादन असताना त्याचे प्रमाण विचलन 0.5 असते. ऐंशी बागांसाठी 18 ÷ (0.5 × √80) म्हणजे सुमारे 4 किलो त्रुटी येते. शोधायचा परिणाम 5 किलोंचा आणि मोजमापातली त्रुटी 4 किलोंची! पाच टक्क्यांच्या प्रचलित पातळीवर निष्कर्ष 'लक्षणीय' ठरण्यासाठी अंदाज त्रुटीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे 8 किलोंच्या पुढे जावा लागतो. खरा परिणाम 5 किलोंचा असताना असे घडण्याची शक्यता, जिला चाचणीची शक्ती म्हणतात, ती येथे 23 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे परिणाम खरोखर अस्तित्वात असूनही असे चार अभ्यास केले तर त्यांतील तीन 'परिणाम आढळला नाही' असे लिहून मोकळे होतील.

उरलेल्या एका अभ्यासाचे काय होते, ते माझ्या मते यापेक्षा अधिक चिंताजनक आहे. तो लक्षणीय ठरतो तो नशिबाने अंदाज 8 किलोंच्या पुढे गेला म्हणूनच. अशा 'यशस्वी' अभ्यासांतील अंदाजांची सरासरी काढली तर ती 10 किलोंच्या वर, म्हणजे खऱ्या परिणामाच्या दुप्पट येते. प्रसिद्ध होतो तो बहुधा हाच अभ्यास. त्यातला 10 किलोंचा आकडा पुढच्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात उतरतो, त्यावरून तो आणखी लहान नमुना पुरेसा ठरवतो, आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रसिद्ध अभ्यासात हे ओळखायचे असेल तर गुणकाबरोबर दिलेला विश्वास-अंतराल, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन टोकांच्या दरम्यान असावा असे मानले जाते तो पल्ला, पाहावा. त्याचे खालचे टोक शून्याला जेमतेम चुकवत असेल आणि वरचे टोक कोणाही बागायतदाराला अविश्वसनीय वाटेल इतके दूर असेल, तर मधल्या आकड्यावर फार विसंबू नये.

शक्ती 80 टक्के हवी असेल तर परिणाम त्रुटीच्या 2.8 पट असावा लागतो. यातील 1.96 हे चाचणीच्या पातळीसाठी आणि 0.84 हे शक्तीसाठी. म्हणजे त्रुटी 5 ÷ 2.8, सुमारे 1.8 किलोंपर्यंत खाली आणली पाहिजे. त्रुटी वर्गमुळाच्या चालीने घटत असल्याने ती निम्म्याहून थोडी कमी करायला बागा पाचपटीने वाढवाव्या लागतात, आणि उत्तर येते सुमारे 410. ठोकताळ्याने सांगितले होते ऐंशी.

या 410 मध्ये घटकांच्या संख्येचा वाटा नगण्य आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आठाऐवजी नववा घटक म्हणून त्याच बागेचे मागील हंगामातले उत्पादन घेतले, तर ठोकताळा नव्वद बागा मागेल. प्रत्यक्षात संत्र्याला एक वर्ष भरघोस आणि पुढच्या वर्षी कमी फळ येण्याची खोड असल्याने, हा आकडा उरलेली चढउतार बरीच कमी करू शकतो. ती 18 वरून 15 किलोंवर आली, तर आवश्यक बागा 410 वरून सुमारे 285 वर येतात. घटक वाढला आणि नमुना घटला. मात्र मागील उत्पादनाची नोंद आच्छादन घालण्यापूर्वीच्या हंगामाची असली पाहिजे. नाहीतर आच्छादनाच्याच परिणामाचा काही भाग या नव्या घटकाच्या खाती जमा होतो.

उलट दिशेनेही हिशेब बिघडतो. जे शेतकरी ठिबक बसवतात, तेच बहुधा आच्छादनही करतात. इतर सात घटकांवरून आच्छादनाचा 36 टक्के अंदाज बांधता येत असेल, तर आच्छादनाविषयीची स्वतंत्र माहिती 64 टक्केच उरते, आणि 410 चे सुमारे 640 होतात. शिवाय पाचांपैकी एकाच बागेत आच्छादन असेल, तर त्याचे प्रमाण विचलन 0.5 वरून 0.4 वर येते आणि संख्या हजाराच्या घरात जाते. सर्वेक्षणाचे आराखडे सहसा येथेच फसतात, कारण 410 हा आकडा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला होता.

इतक्या बागा कुठून आणायच्या, या अडचणीवर एक सोयीची पळवाट नेहमी सुचवली जाते: ऐंशीच बागा घ्याव्यात, पण प्रत्येकीतील पाच झाडे स्वतंत्र ओळींत नोंदवावीत, म्हणजे 400 निरीक्षणे होतात. संगणक ती चारशेच मोजेल आणि त्रुटीही लहान दाखवेल. पण एका बागेतील झाडांना माती, पाणी आणि मालक एकच असतात. त्यांच्या उत्पादनांतील परस्परसंबंध 0.5 असेल, तर बागेत पाच झाडे घेतल्यावर माहिती 1 + 4 × 0.5, म्हणजे तीन पटींनी आटते आणि 400 ओळींची किंमत सुमारे 133 स्वतंत्र झाडांइतकीच राहते.

एका विद्यार्थ्याला दोन हंगामांत 410 बागा पाहणे शक्य नाही. म्हणून मी अशा वेळी सर्वेक्षण सोडून बागेच्या आतच तुलना करण्याचा आग्रह धरेन. प्रत्येक बागेचे दोन भाग करावेत, नाणेफेकीने एका भागात आच्छादन घालावे, दुसरा भाग तसाच ठेवावा आणि दोन भागांतील फरकाचे विश्लेषण करावे. एकाच बागेच्या दोन भागांच्या उत्पादनांत 0.8 इतका परस्परसंबंध असेल, तर 18 किलोंची चढउतार फरकामध्ये सुमारे 11.4 किलोंवर येते, कारण वय, खुंट, माती आणि बहार दोन्हीकडे सारखेच असतात. मग तोच 5 किलोंचा परिणाम तेवढ्याच शक्तीने शोधायला चाळीस ते पंचेचाळीस बागा पुरतात. अट इतकीच की शेतकऱ्याने अर्धी बाग आच्छादनाविना ठेवायला तयार व्हावे, दोन्ही भागांना पाणी वेगवेगळ्या व्हॉल्व्हने पण सारख्या मापाने मिळावे, आणि सीमेवरच्या दोन ओळींतील फळे तोडणीच्या वेळी वेगळी काढून हिशेबात धरू नयेत, कारण त्या झाडांची मुळे दोन्ही बाजूंना पसरलेली असतात.