वाटी कोमट, म्हणून पेजही कोमट?

"मायक्रोवेव्हमधून काढलेली वाटी बाहेरून हाताला कोमट लागली की आतली पेज बाळाला द्यायला हरकत नाही ना?" पंचवटीतल्या एका आजींचा प्रश्न.

नाही, आजी. गॅसवर आधी भांडं तापतं, मग पदार्थ. मायक्रोवेव्हमध्ये उलटं होतं. लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवतात आणि वाटी नंतर, पदार्थाच्या उष्णतेने गरम होते. शिवाय या लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. पातळ दूध थोडंफार आपोआप फिरतं. नाचणीची पेज घट्ट, ती जागची हलत नाही. त्यामुळे एका घासाला कोमट आणि शेजारच्याच घासाला तोंड भाजेल इतकी गरम, असं एकाच वाटीत होतं.

नाशिकच्या डिसेंबरात फ्रीजमधली पेज दगडासारखी होते, तेव्हा एकदम मिनिटभर लावायचा मोह होतो. तसं करू नका. अर्धी वाटी पेज काचेच्या वाटीत घ्या, चमचाभर पाणी घालून मोडा आणि पंधरा सेकंद तापवा. तळापासून, कडेपासून ढवळा. तीस सेकंद थांबा, कारण उष्णता पसरायला वेळ लागतो. पुन्हा ढवळा. मग मधला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावा: गरम जाणवता कामा नये. चव घ्यायची तर वेगळ्या चमच्याने, तो चमचा परत वाटीत नको.

दुधाची बाटली मात्र मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नका. ती गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा.