वळवाआधीची डोकेदुखी आणि ‘सायनस’ नावाचा घोळ

हवेचा दाब आणि दुखणं यांची नोंदींवर आधारलेली एक जुनी सांगड डोक्याची नसून पायाची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात पाय गमावलेल्या एका कप्तानाने आपला ठणका कधी उठतो हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. १८७७ मध्ये त्याच्या नोंदी वादळांच्या हालचालींशी ताडून छापल्या गेल्या. वादळ जवळ येत असताना, म्हणजे दाब उतरत असताना, ठणका वाढतो असं त्यातून दिसलं. तेव्हापासून ‘दाब पडला की दुखतं’ हे वाक्य रुळलं आणि पुढे डोकेदुखीलाही तेच चिकटलं.

आपल्याकडे मात्र या गोष्टीला दाबाचं नाव क्वचितच मिळतं. आभाळ भरून आलं, कपाळ जड झालं, डोळ्यांमागे ठणकायला लागलं की आपण म्हणतो, ‘माझं सायनस उठलं.’ सायनस हा आजार नाही. ती चेहऱ्याच्या हाडांतली पोकळी आहे आणि ती प्रत्येकाला असते. तिथे खरोखर जंतुसंसर्ग झाला तर बहुधा नाकातून घट्ट, पिवळट स्राव येतो, वास कमी होतो, कधी ताप येतो. ढग आल्यावर सुरू होणारी आणि ऊन पडल्यावर जाणारी डोकेदुखी या वर्णनात बसत नाही.

हा घोळ किती खोल आहे ते २००४ मध्ये अमेरिकेत दिसलं. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं स्वतःच सांगणाऱ्या सुमारे ३,००० जणांची लक्षणं निकषांवर तपासली, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, प्रकारातली निघाली. फसगत होण्याचं कारण साधं आहे. अर्धशिशीत चेहऱ्याच्या मज्जातंतूमुळे नाक चोंदतं आणि डोळ्यांतून पाणी येतं, शिवाय दुखणं दोन्ही बाजूंना असू शकतं. मग माणूस वाफ घेत बसतो, प्रतिजैविकं घेतो. डोकेदुखी तशीही एक-दोन दिवसांत उतरणारच असते, पण श्रेय गोळीला मिळतं. या एका शब्दाने कित्येकांची वर्षं चुकीच्या उपचारांत गेली आहेत, आणि हे टाळता येण्याजोगं होतं.

दाबाच्या सिद्धान्तालाही त्याच वर्षी एक धक्का बसला. अर्धशिशीच्या ७७ रुग्णांनी ठेवलेल्या डायऱ्या हवामानाच्या आकड्यांशी जुळवून पाहिल्या. हवामानाने त्रास होतो असं ६२ टक्क्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात संबंध दिसला तो एकूण रुग्णांपैकी निम्म्यांत. त्यांतही तापमान आणि आर्द्रता हे मोठे दोषी होते. दाबाशी नातं जुळलं ते फक्त दहा जणांचं.

हे आपल्या अनुभवाशी ताडून बघा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटरची उंची वाढते, आणि तासाभराच्या आत दाब ६० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. आपल्या भागात तर वादळ नसतानाही रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास काही हेक्टोपास्कलनी उतरलेला असतो. नुसता दाब उतरण्यानेच डोकं दुखत असतं, तर घाटात निम्मी एसटी डोकं धरून बसली असती.

तरीही दाब पूर्ण निर्दोष ठरत नाही. जपानमध्ये २०११ साली २८ रुग्णांच्या नोंदींत पुढच्या दिवशी दाब ५ हेक्टोपास्कलपेक्षा जास्त उतरणार असेल तेव्हा झटके वाढलेले दिसले. तिथेच उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दाब ४० हेक्टोपास्कलने उतरवल्यावर तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातल्या पेशी चेतवल्या गेल्या. तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो, त्यामुळे शोध सायनसकडून तिकडे वळला आहे. पण ४० हेक्टोपास्कलचा हा उतार बहुतेक वादळांतल्या उतारापेक्षा बराच मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.

वळवाच्या दिवशी दाबासोबत उकाडा, दमटपणा, चमकणारा उजेड आणि विजाही येतात. अमेरिकेतल्या दोन राज्यांत, २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, घरापासून ४० किलोमीटरच्या आत वीज पडलेल्या दिवशी डोकेदुखीची शक्यता ३१ टक्क्यांनी जास्त आढळली. तेव्हा ‘मला पाऊस आधी कळतो’ म्हणणारी आजी खोटं बोलत नसते. झटका सुरू होण्याच्या काही तास आधीच, कधी आदल्या दिवशीच, अर्धशिशीत जांभया येतात, मान आखडते, वास आणि उजेड सहन होत नाही. मातीचा वास तिला इतरांआधी येतो, कारण तिच्या मेंदूत झटका आधीच सुरू झालेला असू शकतो.