स्मूदीतली साखर नेमकी कुठल्या हिशोबात?

नौपाड्यातल्या ज्यूस सेंटरवर सफरचंदाचा आणि अननसाचा ज्यूस बहुतेकदा मिक्सरमध्येच होतो. फोडी, पाणी, साखर घालून फिरवतात आणि गाळणीतून काढतात. चोथा बादलीत जातो, त्यातच बरेचसे तंतू असतात. स्मूदी गाळत नाहीत, म्हणून तंतू पेल्यात राहतात. बारीक होतात, पण नाहीसे होत नाहीत. मग तिला फळ म्हणायचं की ज्यूस?

1977 मध्ये ब्रिटनमध्ये दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं गेलं: अख्खं, गर करून आणि गाळलेला रस. कर्बोदकं तिन्हींत 60 ग्रॅमच. रक्तातली साखर तिन्हींनंतर जवळपास सारखीच चढली. फरक पडला तो उतरताना. रसानंतर ती झपकन खाली आली, गरानंतर थोडी कमी, अख्ख्या फळानंतर तसं झालंच नाही. खाण्याचा वेग सारखा ठेवूनही पोट सर्वांत जास्त भरलं ते अख्ख्या फळानं.

खरा वाद पेटला तो हिशोबाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी फळांच्या रसातली साखर ‘मोकळी’, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखी मर्यादेत ठेवायची, धरली. 2018 मध्ये ब्रिटनने त्यात स्मूदी आणि गरही घातले. पेशींच्या भिंती फुटल्या की साखर मोकळी झाली, हा त्यामागचा तर्क. दुधातली साखर आणि अख्खं किंवा सुकवलेलं फळ मात्र वगळलं.

याचा परिणाम एका पेल्यावर पाहू. दोन मध्यम केळी, दूध, दोन चमचे साखर. केळ्यांतली साखर साधारण 24 ग्रॅम, वरची 10. ब्रिटिश हिशोबाने मोकळी साखर 34 ग्रॅम होते, आणि तिथली मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा 30 आहे. तीच केळी सोलून खाल्ली आणि दूध बिनसाखरेचं प्यायलं, तर शून्य! तंतू दोन्हीकडे पाचेक ग्रॅमच. मला ही रेघ जरा जास्तच कडक वाटते, कारण ती स्मूदीला गाळलेल्या ज्यूसच्या पंगतीत बसवते.

2022 च्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगाने हा तर्क आणखी ढिला केला. सफरचंद आणि ब्लॅकबेरी एकत्र फिरवून प्यायल्यावर रक्तातली साखर अख्ख्या फळांपेक्षा कमी चढली. दळलेल्या बियांतून सुटलेले तंतू आणि इतर घटक हे त्याचं संभाव्य कारण. केळं, चिकू, आंब्याला ते आपोआप लागू होत नाही, कारण त्यांच्या बिया मिक्सरमध्ये जातच नाहीत.

पोट भरण्याच्या बाबतीत मात्र स्मूदीची बाजू लंगडीच राहते. 2009 च्या एका प्रयोगात जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्यांनी काहीच न खाल्लेल्यांपेक्षा एकूण 15 टक्के कमी कॅलरी घेतल्या. गराचा परिणाम त्याहून कमी होता. रसात वेगळे तंतू मिसळूनही फरक पडला नाही.