पोच वेगळी, उत्तर वेगळं: ग्रुपवर लगेच उत्तर मागणाऱ्या पालकांना काय लिहावं

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होणारी बरीचशी कुरबुर दोन गोष्टींच्या गल्लतीतून होते. एक म्हणजे पोच, म्हणजे तुमचा मेसेज मिळाला आणि त्याचं काय करणार हे कळवणं. दुसरं म्हणजे उत्तर, म्हणजे विचारलेल्या गोष्टीत लक्ष घालून काय निघालं ते सांगणं. पालकांना घाई असते ती बहुतेकदा पोचेची, पण ते मागतात उत्तर. आणि शिक्षक उत्तर तयार नाही म्हणून पोचही देत नाहीत. मग दोन्ही बाजूंनी तोंडं फुगतात.

एक प्रसंग घेऊ. सहावीचा वर्ग, ग्रुपवर चाळीसेक पालक. गुरुवारी रात्री ८:४० ला एका आईचा मेसेज येतो: "बाई, गणिताच्या चाचणीत २० पैकी ११ कसे पडले? घरी सगळं येतं त्याला." ८:५५ ला नुसतं प्रश्नचिन्ह. सव्वानऊला पुन्हा: "तुम्ही मेसेज वाचलाय, मला दिसतंय. उत्तर का देत नाही?"

त्या आईला जे दिसतंय ते नेमकं काय आहे? ग्रुपमध्ये मेसेजच्या दोन्ही टिका निळ्या होतात त्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी मेसेज उघडल्यावरच. चाळीस जणांत ते व्हायला कधी कधी दिवस जातात. म्हणजे या आईने आपला मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली आहे, आणि कोणी कधी वाचलं त्या यादीत बाईंचं नाव शोधलं आहे. वाचल्याची खूण सेटिंगमध्ये बंद करता येते, पण ती सोय वैयक्तिक चॅटपुरती आहे, ग्रुपमध्ये नाव दिसतंच. आणि त्या नावाचा अर्थ इतकाच की बाईंच्या फोनवर तो ग्रुप उघडला गेला. त्या वेळी बाई मुख्याध्यापकांची सूचना पुढे पाठवत असतील, किंवा गॅसवर भाजी असेल. खूण वाचल्याची आहे. ती पोचही नाही आणि उत्तर तर नाहीच. पालकांना हे एकदा नीट सांगावं लागतं, कारण या खुणेवरून राग धरणारे पालक खरोखर असं समजतात की बाईंनी वाचलं, विचार केला आणि गप्प बसायचं ठरवलं.

आता त्याच रात्री उत्तर द्यायचं म्हटलं तर काय द्यावं लागलं असतं? पेपर शाळेच्या कपाटात. हाताशी फक्त आठवण. आठवणीतून जे निघतं ते असं: "वर्गात लक्ष कमी असतं त्याचं." हे चाळीस घरांत वाचलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी मुलं ते वर्गात बोलून दाखवतात. घाईच्या उत्तराचं खरं नुकसान मुलाला सोसावं लागतं, म्हणून गुणांबद्दल, वागणुकीबद्दल, फीबद्दल ग्रुपवर उत्तर द्यायचंच नाही, कितीही साधं वाटलं तरी.

त्याऐवजी शुक्रवारी सकाळी परिपाठाच्या आधी, त्या आईच्या वैयक्तिक नंबरवर पोच जाते:

"नमस्कार ताई. काल रात्रीचा तुमचा मेसेज मिळाला. पेपर शाळेत आहे, तो पुन्हा तपासून सोमवारी संध्याकाळी ६ पर्यंत तुम्हाला इथेच सांगते. प्रत्यक्ष बघायचा असेल तर मंगळवारी शाळा सुटल्यावर या, मी थांबते."

या चार ओळींत एकही उत्तर नाही, तरी बहुतेक घरांत एवढ्याने शांत होतं. कारण पोचेत तीन गोष्टी आल्या आहेत: मिळालं, काय करणार, आणि कधीपर्यंत. यातली तिसरी सुटली की पोच बिनकामाची होते. नुसतं "बघते" लिहिलं तर पालक तासाभराने विचारतात, "बघितलं का?" आणि त्यात त्यांची चूक नाही.

नुसता अंगठा दाखवणं त्याहून वाईट. शिक्षकाच्या मनात अंगठा म्हणजे "वाचलं", पालकाच्या मनात "मंजूर". गुणांच्या बाबतीत हा घोळ निभावतो. पण मेसेज असा असेल की "आज मधल्या सुट्टीत मुलीला तिच्या मामाबरोबर सोडा", तर त्या अंगठ्याच्या भरवशावर मामा फाटकाशी येऊन उभा राहतो. मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचं हे पालकाच्या चिठ्ठीवर आणि ऑफिसच्या नोंदीवर ठरतं, ग्रुपवरच्या खुणेवर कधीच नाही. अशा मेसेजला शब्दांतच लिहायचं: "हे इथे चालणार नाही, कृपया ऑफिसला फोन करा."

आपल्या आईचं पुढे काय झालं ते बघू. शुक्रवारी मोकळ्या तासिकेला पेपर काढला. गेलेले गुण ९. शेवटची दोन शाब्दिक उदाहरणं कोरी, त्यांचे ४. अपूर्णांकांच्या बेरजेत उत्तरं बरोबर पण रीत लिहिलेली नाही, तिथे ३. हातचा विसरल्यामुळे २. बेरीज पुन्हा करून पाहिली, ११ बरोबर. सोमवारी पाचनंतर हेच त्या आईला लिहिलं, आणि एक जोड दिली: "घरी त्याला येतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. तो उत्तर मनात काढतो आणि पायऱ्या गाळतो. रोज दोन उदाहरणं पूर्ण रीत लिहून सोडवायला बसवा." याला उत्तर म्हणतात. याला पेपर लागला, तासिका लागली, आणि मधला शनिवार-रविवार गेला. रात्री सव्वानऊला हे कुणालाही देता आलं नसतं.

म्हणजे दोन्हींना मुदत हवी, पण एकच मुदत नको. माझ्या मते पोचेला शाळेचा एक दिवस पुरतो: आज शाळा सुटेपर्यंत आलेल्या मेसेजची पोच आज संध्याकाळी, त्यानंतरच्या मेसेजची उद्या. त्यासाठी दिवसातून दोनदा ग्रुप बघायचा, परिपाठाच्या आधी आणि शाळा सुटल्यावर. मधल्या वेळात फोन पिशवीत. उत्तराला, गोष्ट स्वतःच्या हातातली असेल तर शाळेचा एक दिवस, आणि पेपर काढायचा असेल, दुसऱ्या शिक्षकांना किंवा ऑफिसला विचारायचं असेल तर दोन ते तीन. सुट्टीचे दिवस मोजायचे नाहीत. हे मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे किमान तास आठवड्याला ४५ धरले आहेत, तेही पाठाच्या तयारीसकट. रात्री दहाचा मेसेज या हिशेबात कुठेच बसत नाही.

पण मुदत सांगताना तिसरा दरवाजा उघडा ठेवावाच लागतो, नाहीतर ती मुदत पालकांवर अन्याय करते. काही गोष्टींना संध्याकाळची पोचही उशिराची असते: व्हॅन आली नाही, मुलाला सकाळी ताप होता, दुपारी औषध द्यायचं आहे, घरात अचानक काही घडलं. पालकांना ओळखायला सोपी कसोटी देता येते: हा मेसेज बाईंना शाळा सुटल्यावर दिसला तर मुलाचं काही बिघडेल का? बिघडणार असेल तर ग्रुप नको, शाळेच्या ऑफिसचा फोन. वर्गात शिकवत असताना बाई फोन बघत नाहीत, आणि त्यांनी बघू नये असंच त्या पालकांनाही वाटत असतं. ग्रुपवर सतत तत्पर राहणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हाच धोका वाढतो. पालकांना सवय लागते आणि औषधाचा निरोपही ते ग्रुपवरच टाकून निर्धास्त होतात.

लगेच उत्तर मागणाऱ्या त्या आईला हे सगळं सांगायचं कधी? रात्री सव्वानऊला नाही, आणि पहिल्या पोचेतही नाही. त्या वेळी तिला मुलाच्या गुणांची काळजी आहे, नियम ऐकायची नाही. सोमवारचं उत्तर दिल्यावर, खाली वेगळा परिच्छेद करून:

"ताई, एक विनंती. तुम्ही मला कधीही लिहा, रात्री लिहिलंत तरी चालेल, तुम्हाला तेव्हाच वेळ मिळतो हे मला माहीत आहे. मी मेसेज सकाळी शाळा भरण्याआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर बघते, त्यामुळे मिळाल्याचं तुम्हाला शाळेच्या पुढच्या दिवसापर्यंत कळेल. मेसेज उघडलेला दिसला तरी मी तेव्हा उत्तर देण्याच्या स्थितीत असेनच असं नाही. त्याच दिवशी कळायला हवं असं काही असेल तर ऑफिसला फोन करा, ते मला वर्गात निरोप देतात. आणि मुलाबद्दलचं मला वैयक्तिक लिहा, ग्रुपवर नको, त्याचं त्याच्यापाशी राहू दे."

"कधीही लिहा" हे वाक्य मी मुद्दाम ठेवते. पाळीवर काम करणारी आई नऊ वाजताच घरी पोचते. तिने कधी लिहावं यावर बंधन घालायचं कारण नाही, बंधन हवं ते आपल्या उत्तराच्या वेळेला. जिथे हा भेद न करता "रात्री ८ नंतर मेसेज करू नयेत" अशी सूचना लागते, तिथे पालक सकाळी लिहायचं विसरतात आणि आपल्याला हवी असलेली माहितीच हातची जाते. तुमचे ऑफिस खरंच वर्गात निरोप पोचवतं का, हे मात्र विनंती पाठवण्याआधी पक्कं करून घ्या.

याच मुदती ग्रुपच्या वर्णनात चार ओळींत लिहून ठेवाव्यात आणि वर्षाच्या पहिल्या पालक सभेत वाचून दाखवाव्यात. मेसेज पिन करून भागत नाही, कारण पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते आणि ऑगस्टपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. वर्णन वर्षभर तिथेच असतं, नंतर ग्रुपमध्ये आलेल्या पालकांनाही दिसतं.

मुदत टिकते की नाही हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. त्या काळात रात्री एखादा अगदी सोपा प्रश्न येईल, "उद्या चित्रकलेची वही आणायची का?" असा, आणि हात शिवशिवेल. तिथे थांबायचं. दुसरे पालक पाच मिनिटांत सांगतात. तुम्ही एकदा रात्री दहाला उत्तर दिलंत की वर्णनातल्या ओळींपेक्षा ती वेळच लोकांच्या लक्षात राहते. आणि उलट बाजूने, सोमवारी सांगते म्हणून सोमवारी पेपर हाती आला नसेल, तर सहा वाजायच्या आत तसं कळवायचं आणि नवा वार सांगायचा: "पेपर मुख्याध्यापकांकडे तपासणीला गेला आहे, बुधवारी परत मिळेल, बुधवारी संध्याकाळी लिहिते."