रसाचे तीन दिवस आणि पाण्याचे तीन दिवस

माझी मामेबहीण आषाढी-कार्तिकीला निर्जळी उपवास करते, तोही गेली वीस वर्षं. त्यामुळे दिवाळीच्या फराळानंतर तिनं तीन दिवसांचा ज्यूस क्लेन्स करायचं ठरवलं तेव्हा तिला त्यात अवघड काही वाटलंच नाही. "अगं, मी निर्जळी निभावते. इथे तर दिवसाला सहा बाटल्या रस आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिचा फोन आला. हात थरथरत होते, घाम सुटला होता, जीव घाबरा झाला होता. नऊ वाजताच तर तिनं सफरचंद-बीट-गाजराचा मोठा ग्लास घेतला होता. "निर्जळीत असं कधी होत नाही गं!"

ताई म्हणते ते खरंच होतं. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि हा गोंधळ माझ्यापुढे वारंवार येतो: रसावर राहणं म्हणजे उपवासाचाच जरा सोपा प्रकार, अशी समजूत. प्रत्यक्षात पाण्यावरचा उपवास आणि रसावरचे दिवस या शरीराच्या दोन निराळ्या अवस्था आहेत. सोपं काय आणि कठीण काय हा प्रश्नच नाही, आत घडतं तेच वेगळं असतं.

गोंधळ व्हायला कारणही आहे. उपवास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोसंबीचा रस येतो. गांधीजींनी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारीपासून २१ दिवसांचा उपवास केला. पाणी घशाखाली उतरावं म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालणार, असं त्यांनी व्हाइसरॉयना आधीच कळवलं होतं. तो रस पाण्याच्या चवीपुरता होता. जर्मनीतल्या बुखिंगर पद्धतीच्या उपवासातही रस आणि भाज्यांचं सूप असतं, पण दिवसाला सगळं मिळून साधारण २५० कॅलरी. एवढ्याशा साखरेनं शरीराची उपवासाची अवस्था मोडत नाही. ताईच्या सहा बाटल्यांचं गणित मात्र वेगळं होतं.

ते गणित आम्ही नंतर तिच्या स्वयंपाकघरात बसून मांडलं. तीनशे मिलिलिटरची एक बाटली. मोसंबी, अननस, कलिंगड, सफरचंद-बीट-गाजर, पालक-काकडीत पुन्हा एक सफरचंद, असे प्रकार. दिवसभरात सुमारे १५० ग्रॅम साखर, म्हणजे तीसेक चहाचे चमचे. वरून घातलेली साखर शून्य, सगळी फळांचीच. प्रथिनं जेमतेम दहा ग्रॅम. कॅलरी सातशेच्या आसपास. आणि मिक्सरशेजारी ठेवलेल्या भांड्यात गाळून उरलेला चोथा, जो ती कुंडीतल्या झाडांना घालत होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा पदार्थ तोच होता.

आधी रक्तातली साखर, कारण फोन त्यासाठीच आला होता.

पाण्यावर राहिलं की पहिले काही तास यकृत आपला साठा वापरतं. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते. ती दिवसभरात बरीचशी संपते. मग यकृत स्वतः साखर बनवायला लागतं. इन्सुलिन खाली येतं, ते खाली आलं की चरबीची कवाडं उघडतात, आणि चरबीपासून कीटोन हे मेंदूलाही चालणारं इंधन तयार होतं. तिसऱ्या दिवशी निरोगी माणसाची साखर ६५-७० पर्यंतही उतरते, पण हळूहळू उतरते आणि मेंदूला कीटोनचा आधार मिळू लागलेला असतो. म्हणून सहसा थरथर होत नाही, नुसती मरगळ येते. ताईच्या एका दिवसाच्या निर्जळीत तर गोष्ट कीटोनपर्यंत फारशी जातच नाही. यकृताचा साठाच तिला निभावून नेतो.

रसावर दर दोन-अडीच तासांनी पंचवीसेक ग्रॅम साखर आत जाते, तीही चावायचं काही नसल्यानं गटागटा. १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा पण फार बोलका प्रयोग छापून आला होता. त्याच माणसांना एकदा सफरचंदं, एकदा सफरचंदाचा गर आणि एकदा रस दिला, साखर तिन्ही वेळा सारखीच. सफरचंदं खायला सुमारे १७ मिनिटं लागली, रस दीड मिनिटात संपला. साखर वर चढली ती जवळपास सारखीच. फरक पुढे पडला. रसानंतर इन्सुलिन जास्त सुटलं, आणि तासा-दोन तासांत साखर सुरुवातीपेक्षाही खाली गेली. अख्ख्या सफरचंदानंतर तशी गेली नाही.

ताईचं अकरा वाजता झालं ते हेच. नऊचा ग्लास, त्याला उत्तर म्हणून आलेलं इन्सुलिन, आणि मग घसरण. त्या घसरणीत आधाराला कीटोनही नाहीत, कारण दर ग्लासागणिक वर येणारं इन्सुलिन ते पुरेसे बनूच देत नाही. भूकही त्याच वेळी खवळते. अशा थरथरीला "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत" म्हणणारे भेटतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. ते लक्षण साखर घसरल्याचं आहे. त्यावर उपाय म्हणजे काहीतरी खाणं.

ताईच्या यजमानांनाही हाच कार्यक्रम करायचा होता. त्यांना मधुमेह आहे, आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. पाण्यावर राहिले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रसावर राहिले तर ग्लासानंतर वर उसळेल आणि दोन ग्लासांच्या मध्ये, विशेषतः रात्री, कोसळू शकेल. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहण्यात आणखी एक धोका आहे: साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास ही त्याची खूण. तिथे ग्लुकोमीटरवरचा बरा आकडा बघून थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. यजमानांना मी सरळ नाही म्हटलं. डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय दोन्हीपैकी काहीही नको.

स्नायूंच्या बाबतीत मात्र रसाची बाजूही मांडायला हवी, कारण इथे निवाडा एकतर्फी नाही.

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम साखर लागते. पाण्यावरच्या पहिल्या दिवसांत यकृत ती बनवतं, आणि कच्चा माल बराचसा स्नायूंतल्या प्रथिनांमधून येतो. सत्तर किलोच्या माणसात हा खर्च रोज ७५ ग्रॅम प्रथिनांच्या घरात जातो. स्नायूमध्ये बहुतांश पाणी असतं, प्रथिनं फक्त पाचवा हिस्सा. म्हणजे ते जवळजवळ पावणेचारशे ग्रॅम मांस झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जेम्स गॅम्बल यांनी समुद्रात तराफ्यावर अडकलेल्या माणसांना काय द्यावं याचा अभ्यास केला. दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं तर प्रथिनांची झीज निम्म्यावर येते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत रस घेणाऱ्याचे स्नायू नुसतं पाणी पिणाऱ्यापेक्षा कमीच झिजतात.

पण निम्मी झीज उरतेच, आणि ती कितीही रस प्यायलं तरी थांबत नाही. कारण तिचा साखरेशी संबंधच नाही. आतड्याचं अस्तर, विकरं, रक्तातली प्रथिनं रोज मोडतात आणि नव्यानं बांधावी लागतात. त्यासाठी प्रथिनंच लागतात. ताईचं वजन ५६ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला रोज ४६ ग्रॅम हवीत. बाटल्यांतून आली दहा. उरलेली तूट शरीर आपल्याच साठ्यातून, मुख्यतः स्नायूंतून भरून काढतं.

दिवस वाढले की चित्र उलटतं. पाण्यावरच्या उपवासात मेंदू कीटोनवर चालायला लागतो, साखरेची गरज घटते, आणि काही आठवड्यांत प्रथिनांचा खर्च रोज वीसेक ग्रॅमपर्यंत उतरतो. बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात हे मोजून दाखवलं. याचा अर्थ घरी आठवडाभर पाण्यावर राहावं असा अजिबात नाही. लांबलेल्या उपवासानंतर एकदम खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून असे उपवास देखरेखीखालीच होतात. मुद्दा एवढाच की काटकसरीची ही सोय रसावर राहणाऱ्याला मिळत नाही. अन्न पुरेसं नाही, आणि शरीर उपवासाच्या पद्धतीनं वागायलाही लागत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला गेलेला स्नायू परत कमवायला फार वेळ लागतो, त्यांनी तर तीन दिवससुद्धा करू नयेत.

आता पोट. पाण्यावर आतडं बरंचसं रिकामं असतं आणि मधूनमधून लाटेसारखं आकुंचन पावून उरलंसुरलं पुढे ढकलतं. पोटात गुरगुरतं ते बरंचसं यामुळे. रसावर मात्र ताईला दुसऱ्याच दिवशी जुलाब झाले, आणि "पोट साफ होतंय" म्हणून ती खूश होती. सफरचंदाच्या रसात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, शिवाय सॉर्बिटॉल. हे दोन्ही एका वेळी फार आले की लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात जाऊन ते पाणी ओढतात आणि गॅस करतात. त्यात साफ काही होत नाही.

मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे तंतू. ते खाऊन जिवाणू ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. ते खाणं कुंडीत गेलेलं असतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात तीन दिवस नुसत्या रसावर राहिलेल्यांमध्ये दाहाशी संबंधित जिवाणू वाढलेले दिसले. बदल तोंडातल्या जिवाणूंमध्ये ठळक होता, आतड्यात त्या मानानं थोडा. माणसं फक्त १४ होती, त्यामुळे मी त्यावर फार मोठी इमारत उभी करणार नाही. दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत. फोड आधी जिभेला लावून पाहा, कडू लागली तर अख्खा दुधी फेका, आणि रसानंतर उलट्या किंवा रक्ताचे जुलाब सुरू झाले तर एक मिनिटही थांबू नका.

तीन दिवसांत ताईचं वजन दोन किलो उतरलं. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तो साठा आटला की पाणी जातं, मीठ कमी झाल्यानं आणखी जातं, आणि आतडं रिकामं झालेलं असतं. चरबी गेली असेल ती तीनशे-चारशे ग्रॅम. चौथ्या दिवशी वरण-भात-भाजी सुरू झाली आणि आठवड्याभरात दीड किलो परत आलं.

निर्जळी ती अजून करते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बीट-गाजराचा रसही काढते, पण एकच ग्लास आणि जेवणाबरोबर. चोथा थालीपिठाच्या पिठात मळते.